उतरायला किती वेळ लागेल?

माझ्या दवाखान्यात डिसेंबर आणि जानेवारी या दोन महिन्यांत एक ठरावीक प्रकारचे रुग्ण येतात. साठीच्या आसपासचे, एरवी ठणठणीत, रोज सकाळी फिरायला जाणारे. कोणाचा घोटा सुजलेला असतो, कोणाचे मनगट, तर कोणाला जिना उतरताना मांड्या इतक्या दुखतात की कठडा सोडवत नाही. विचारले तर कळते की मुलांबरोबर किंवा नातवंडांबरोबर एखाद्या गडावर जाऊन आले आहेत. आणि बहुतेकांचे पुढचे वाक्य एकच असते : “चढताना काहीच झाले नाही हो डॉक्टर, उतरताना झाले.”

हे वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकले आणि तरीही स्वतः तीच चूक केली. ती चूक डोंगराची नव्हती, अंकगणिताची होती. म्हणून ती आज आपल्यापुढे मांडतो.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती. कळसूबाईच्या शिखरावर जाऊन देवीची ओटी भरायची, ही तिची फार दिवसांची इच्छा. डिसेंबरच्या अखेरीस एका रविवारी अक्का, माझा भाचा आणि मी असे तिघे बारी गावात पोहोचलो. साडेआठला चालायला सुरुवात केली आणि दुपारी एक वाजता शिखरावर होतो. विश्रांतीसह साडेचार तास. अक्काने ओटी भरली, आम्ही डबे सोडले, गप्पा मारल्या. अडीच वाजता मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, “चढायला साडेचार तास लागले, उतरायला त्याच्या निम्मे. पावणेपाचला खाली चहा घेऊ.”

साडेपाच वाजले तेव्हा गावातली घरे अजून बरीच खाली होती. सहाच्या सुमारास सूर्य गेला. पुढची वाट सुट्या मुरमाची होती. तीन माणसांत एकच विजेरी होती. पावणेसातच्या आसपास अक्काचा पाय सरकला आणि तिने आधारासाठी हात मागे टेकला. मनगटाचे हाड मोडले आहे, हे मला तिथेच, विजेरीच्या उजेडात, हाताच्या बदललेल्या आकारावरून दिसले. ओढणीची झोळी करून हात बांधला आणि उरलेले जेमतेम नव्वद मीटर उतरायला आम्हाला सव्वा तास लागला.

अक्का मला काही बोलली नाही. परतीच्या गाडीत फक्त एवढेच म्हणाली, “तू निम्मे म्हणालास ते कशावरून?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते शोधायला मला पुढचे काही महिने लागले.

आपण सपाट रस्त्यावर चालतो तेव्हा वेळ अंतरावरून काढतो. तासाला चार किलोमीटर, म्हणजे दोन किलोमीटरला अर्धा तास. डोंगरात हे पुरत नाही, कारण तिथे वेळ मुख्यतः खर्च होतो तो उंचीवर. म्हणून उतरण्याचा हिशेब असा करतात : एका तासात आपण किती मीटर उंची गमावतो, हा आपला उतरण्याचा दर. एकूण उतरायची उंची भागिले हा दर, म्हणजे लागणारे तास. जर्मनीत पायवाटांसाठी जे मानक वापरतात त्यात हा दर तासाला ५०० मीटर धरलेला आहे, आणि सपाटीचा वेग तासाला ४ किलोमीटर. उंचीचा वेळ आणि अंतराचा वेळ असे दोन्ही काढायचे, जो मोठा येईल तो पूर्ण घ्यायचा आणि जो लहान येईल त्याचा निम्मा त्यात मिळवायचा.

कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे. बारीत गाडी उभी केली तिथे माझ्या फोनवर ८०० मीटरच्या आसपास उंची दिसत होती. म्हणजे उतरायची उंची सुमारे ८५० मीटर. ५०० ने भागले की एक तास बेचाळीस मिनिटे येतात. वाट सहा किलोमीटरच्या आसपास, तिचा दीड तास. त्याचा निम्मा, म्हणजे पंचेचाळीस मिनिटे, मिळवला की दोन तास सत्तावीस मिनिटे होतात. माझा ‘निम्मा’ सव्वादोन तासांचा होता. म्हणजे माझा अंदाज अगदीच हवेतला नव्हता. तो फक्त दुसऱ्या कोणाचा तरी होता : चाळिशीच्या आतल्या, सवयीच्या, न थांबता चालणाऱ्या, चांगल्या वाटेवरच्या माणसाचा. अक्काचा नव्हता.

अक्काचा दर किती होता? त्या दिवशी भाच्याने जागोजाग फोटो काढले होते आणि प्रत्येक फोटोवर वेळ होती. त्या जागा नकाशावर शोधून मी उंची लिहिली आणि एक तक्ता तयार केला. त्यातून स्पष्ट दिसले की तिचा दर एक नव्हताच, तीन होते.

वरचा टप्पा लोखंडी शिड्यांचा आणि खडकाच्या उंच पायऱ्यांचा, सुमारे ३०० मीटरचा. शिडीवर तोंड डोंगराकडे करून एकेक पाऊल खाली टाकायचे, त्यात रविवारची गर्दी, वर येणाऱ्यांना वाट द्यायची. इथे तिचा दर तासाला २०० मीटर होता. मधला टप्पा बऱ्यापैकी मळलेल्या वाटेचा, तोही सुमारे ३०० मीटरचा, आणि तिथे ती तासाला ३०० मीटर उतरत होती. शेवटचा सुमारे २५० मीटरचा टप्पा त्या वर्षी पुरता सुकून सुटलेल्या मुरमाचा होता. तिथे दर तासाला १५० मीटरवर आला होता. चांगल्या वाटेच्या बरोबर निम्मा.

आता हिशेब करा. ३०० भागिले २०० म्हणजे दीड तास. ३०० भागिले ३०० म्हणजे एक तास. २५० भागिले १५० म्हणजे एक तास चाळीस मिनिटे. एकूण चालण्याचा वेळ चार तास दहा मिनिटे. त्यात दर तासाला दहा मिनिटे बसण्याची धरली तर आणखी चाळीस मिनिटे. बेरीज चार तास पन्नास मिनिटे. अडीच वाजता निघालेला माणूस सात वाजून वीस मिनिटांनी खाली पोहोचणार, हे शिखरावर बसूनच कळायला हवे होते. अंधार वाटेत गाठणार आणि तो नेमका सर्वांत वाईट टप्प्यावर गाठणार, हेही त्याच कागदावर दिसले असते.

इथे एक बारीक चूक होण्याजोगी आहे, ती सांगतो. तीन दर आहेत, तर त्यांची सरासरी काढून एकदाच भागाकार का करू नये? समजा ३०० मीटर तासाला ३०० च्या दराने आणि पुढचे ३०० मीटर तासाला १५० च्या दराने उतरायचे आहेत. पहिल्याला एक तास, दुसऱ्याला दोन, एकूण तीन तास. सरासरी दर २२५ धरून ६०० ला भागले तर दोन तास चाळीस मिनिटे येतात. वीस मिनिटे कुठे गेली? कारण आपण संथ टप्प्यावर जास्त वेळ घालवतो आणि सरासरी काढताना ते विसरतो. म्हणून टप्पे वेगळे करायचे, प्रत्येकाचा वेळ स्वतंत्र काढायचा आणि मग वेळांची बेरीज करायची. दरांची सरासरी काढायची नाही.

सुट्या, उभ्या उतारावर दर निम्मा का होतो, हे चालणाऱ्याच्या पायांकडे पाहिले की कळते. मळलेल्या वाटेवर पाऊल टेकले की वजन लगेच त्यावर जाते. मुरमावर पाऊल आधी टेकवून पाहावे लागते, ते सरकत नाही ना याची खात्री झाली की मग वजन टाकायचे. पाऊल लहान होते, तिरके पडते, कधी हात टेकावा लागतो, कधी बसून सरकावे लागते. शिवाय वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याला लागू नये म्हणून एकमेकांची वाट पाहावी लागते. ही सावधगिरी घाईने कमी करता येत नाही. केली की माणूस पडतो.

आणि एक गोष्ट डॉक्टर म्हणून सांगायला हवी. चढताना थकवा श्वासातून कळतो, धाप लागते आणि माणूस आपोआप थांबतो. उतरताना धाप फारशी लागत नाही. त्यामुळे मी थकलेलो नाही, असे वाटत राहते. पण मांडीचे पुढचे स्नायू त्या वेळी ब्रेकचे काम करीत असतात. शरीराचे वजन खाली जाताना ते ताणले जात असतानाच जोर लावतात आणि या प्रकारच्या कामाने स्नायूंच्या तंतूंना जास्त इजा होते. दुखणे एक-दोन दिवसांनी जाणवते, पण ताकद त्याच दिवशी, उतरता उतरता कमी होते. म्हणून पहिल्या तासाचा दर शेवटच्या तासाला टिकेल, असे गृहीत धरू नका.

सोबत चालणाऱ्याने काही खुणा लक्षात ठेवाव्यात. थांबल्यावर गुडघा थरथरतो. बसताना माणूस अलगद न बसता धपकन बसतो. टाच वारंवार सरकू लागते. आतापर्यंत बोलणारा माणूस गप्प होतो. यांपैकी एक जरी दिसले तरी पुढच्या हिशेबात दर आणखी चौथाईने कमी धरा.

चष्म्याचेही पाहा. अक्काचा चष्मा दोन भिंगांचा आहे. खालचे भिंग वाचण्यासाठी, हातभर अंतरासाठी असते. उतरताना पायाकडे पाहिले की नजर नेमकी त्याच भिंगातून जाते आणि जमीन धूसर दिसते. त्या दिवशी संध्याकाळी ती मान खाली घालून, हनुवटी छातीला लावून चालत होती, ती वरच्या भिंगातून जमीन दिसावी म्हणून. मला ते दिसले होते, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. अशा वाटेसाठी फक्त लांबचे दिसणारा साधा चष्मा वेगळा करून घेतला तर हा त्रास टळतो.

आता प्रश्न उरतो की आपला स्वतःचा दर घरबसल्या कसा काढायचा. घराजवळच्या टेकडीवर जा. फोनमधील उंचीमापकावर माथ्याची उंची लिहून घ्या, सावकाश, नेहमीच्या चालीने उतरा, पायथ्याची उंची आणि लागलेली मिनिटे लिहा. उंचीतला फरक गुणिले साठ, भागिले मिनिटे. समजा ६० मीटर उतरायला बारा मिनिटे लागली, तर दर तासाला ३०० मीटर. फोनचे आकडे हवेच्या दाबानुसार थोडे मागेपुढे होतात, म्हणून दोन-तीन वेगळ्या दिवशी मोजा आणि सर्वांत कमी आलेला दर धरा. टेकडीवर पाय ताजे असतात. म्हणून लांबच्या उतारासाठी मी त्यातून चौथाई वजा करतो, आणि वाट उभी नि सुटी असेल तिथे सरळ निम्मा करतो. हा माझा अनुभवाचा ठोकताळा आहे. आपल्या माणसासाठी तो आपणच पडताळून पाहायचा.

पडताळणी प्रत्यक्ष डोंगरावरच होते. उतरायला लागल्यावर अर्ध्या तासाने थांबून उंची पाहा. १०० मीटर उतरायला हवे होते आणि ८० च झाले असतील, तर अंदाज लगेच दुरुस्त करा. उरलेल्या वेळेला सव्वापट करा. पुढे वेग घेऊन भरून काढू, असे म्हणू नका. ते भरून निघत नाही.

या हिशेबाला एक मर्यादाही आहे. वाट लांबलचक पठारावरून जात असेल तर उंची जवळजवळ कमी होत नाही, पण वेळ जातच असतो. तेवढा तुकडा अंतरावर मोजा. वयस्कर माणसासाठी मी तिथे तासाला अडीच-तीन किलोमीटर धरतो. आणि पाऊस पडून गेला असेल, वाट शेवाळलेली असेल, तर कोरड्या दिवशी काढलेले दर त्या दिवशी लागू नाहीत.

ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांच्यासाठी हा वेळ म्हणजे औषधाचा आणि जेवणाचाही वेळ असतो. सव्वादोन तासांच्या भरवशावर खाण्याचे सामान संपवून निघालेला रुग्ण पाच तास चालला, तर साखर उतरण्याचा धोका नेमका शेवटच्या तासात येतो. त्या वेळचे पाय लटपटणे थकव्याचे की साखर उतरल्याचे, हे अंधारात ओळखणे कठीण असते. म्हणून काढलेल्या वेळेपेक्षा एक तास अधिक पुरेल इतके खाणे आणि पाणी, आणि प्रत्येकाकडे स्वतःची विजेरी, एवढे सोबत असावे.

पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात अक्का म्हणाली, “पुन्हा जायचे.” मनगट चांगले जुळले होते. या वेळी मी कागद घेऊन बसलो आणि हिशेब उलटा, खालून वर केला. सूर्यास्त सहाच्या सुमारास. साडेपाचला खाली पोहोचायचे. उतरायला चार तास पन्नास मिनिटे. म्हणजे बारा वाजून चाळीस मिनिटांनी शिखर सोडायलाच हवे. दहा मिनिटे आणखी हाताशी ठेवून साडेबारा ही वेळ पक्की केली. साडेबाराला जिथे असू तिथून मागे फिरायचे. चढायला साडेचार तास, वर तासभर, म्हणून सातच्या आत निघायचे. अक्काने तो कागद घडी घालून पदराला बांधला.

पावणेसातला विजेऱ्या घेऊन निघालो. साडेदहापर्यंत सगळे वेळेत होते. मग शिड्यांवर गर्दी लागली. एकेका शिडीपाशी अर्धा-अर्धा तास उभे राहावे लागले. शिखराखालच्या शेवटच्या शिडीशी पोहोचलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटे झाली होती आणि पुढे तीस-चाळीस माणसांची रांग होती. देऊळ अगदी डोक्यावर होते. भाचा म्हणाला, “मामा, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे.” मी अक्काकडे पाहिले. खरे सांगतो, तिने ‘चल’ म्हटले असते तर मला नाही म्हणवले नसते.

अक्काने पदराची गाठ सोडली, कागद पाहिला, भाच्याच्या मनगटावरचे घड्याळ पाहिले. मग ओटीचे सामान रांगेतल्या एका तरुण मुलीच्या हाती दिले, “माझ्या नावाने भर गं,” म्हणाली आणि तिथूनच हात जोडले. साडेबाराला आम्ही पाठ फिरवली.

अर्ध्या तासाने उंची पाहिली. शंभराला पाच मीटर कमी होती. अंदाज बरोबर होता. मुरमाच्या टप्प्यावर अक्काच्या हातात दोन काठ्या होत्या आणि डोळ्यांवर साधा चष्मा. भाचा तिच्या एक पाऊल खाली, जरा बाजूला चालत होता. मागच्या वर्षी ती जिथे पडली, ती जागा तिनेच ओळखली. तिथे लख्ख ऊन होते. ती क्षणभर थांबली, काठीने मुरूम जरा उकरून पाहिला आणि पुढे निघाली.

बारीत पोहोचलो तेव्हा पाच वाजून पाच मिनिटे झाली होती. चार तास पस्तीस मिनिटे. शेवटची शिडी वाचली होती, म्हणून कागदावरच्या वेळेपेक्षा पंधरा मिनिटे कमी लागली. चहा येईपर्यंत अक्काने तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, “पुढच्या वेळी शनिवारी नाही, रविवारी नाही. मंगळवारी येऊ. रांग नसेल. मग तुझ्या हिशेबात शिडीचा दर किती धरशील?”

मी खिशातले पेन काढले.